पहिल्यांदाच मॅनेजर झालेलीचं अप्रेझल : आकडा गाठला, पण तो गाठला कोणी?

जमाखर्च

माझ्या हाताखाली अकाउंट्सच्या तीन टीम आहेत. त्यातल्या एका टीमची मॅनेजर वर्षभरापूर्वी त्याच टीममधून वर आली. त्याआधी ती तिथली सर्वात तयारीची अकाउंटंट होती. कुठल्याही लेजरमध्ये काहीही अडलं की सगळे तिच्याकडे जायचे. आता तिचं मॅनेजर म्हणून पहिलं वार्षिक अप्रेझल मला लिहायचं आहे. आमच्या फॉर्मवर मॅनेजरसाठी चार रकाने आहेत : माणसं निवडणं, काम सोपवणं, टीमचा निकाल आणि माणसं घडवणं. प्रत्येकाला पाचपैकी गुण आणि खाली शेरा.

वर्षाच्या सुरुवातीला तिला एकच आकडी उद्दिष्ट दिलं होतं. महिनाअखेरीची पुस्तकं बंद व्हायला कामाचे ९ दिवस लागायचे, ते ६ वर आणायचे. गेले सहा महिने सरासरी ६ दिवसच लागतात. टीममध्ये सात जण आहेत, पाच आधीपासूनचे. वर्षभरात तिने दोघांना घेतलं. पहिला चौथ्या महिन्यात सोडून गेला आणि त्याची जागा अंतर्गत बदलीने भरली. दुसरी मुलगी उत्तम चालली आहे.

मी पहिल्या मसुद्यात चारही रकान्यांत ४ दिले. नंतर एक गोष्ट खटकली. मधल्या एका महिन्यात ती दोन आठवडे रजेवर होती आणि त्या महिन्यात पुस्तकं बंद व्हायला पुन्हा ९ दिवस लागले. तेव्हापासून मला प्रश्न पडला आहे की हा निकाल टीमचा आहे की तिच्या एकटीचा. तो ओळखायचा कसा, आणि ओळखलाच तर फॉर्मवर लिहायचा कसा? ज्यांनी नव्या मॅनेजरांची अप्रेझल केली आहेत त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

पाऊलवाट

अभिनंदन! पहिल्या वर्षात ९ चे ६ म्हणजे छानच. सेल्फ अप्रेझलमध्ये हा आकडा सर्वात वर लिहा आणि रजेच्या महिन्याचा उल्लेख टाळा. नव्याने घेतलेल्या मुलीचं यश ठळक करा. पगारवाढीचा विषय मात्र त्याच बैठकीत काढू नका.

जमाखर्च

पाऊलवाट, अप्रेझल माझं नाही हो, मी ते देणारा आहे. पण शेवटचा मुद्दा माझ्या बाजूनेही लागू पडतो. शेऱ्यांवरचं बोलणं आणि पगारवाढीचं बोलणं आमच्याकडेही वेगवेगळ्या दिवशी होतं.

थेट_मुद्दा

मला यात प्रश्नच दिसत नाही. उद्दिष्ट तुम्ही दिलंत, तिने पूर्ण केलं. रात्री जागून केलं की टीमकडून करवून घेतलं, ही तिची पद्धत. निकालाला ५ द्या. निवडीला मात्र २. दोनपैकी एक माणूस चार महिन्यांत गेला म्हणजे निम्मी निवड चुकली. मॅनेजरने घेतलेला माणूस टिकला नाही तर जबाबदारी मॅनेजरचीच.

दुसरी_बाजू

मी बरीच वर्षं मॅनेजरांच्या मूल्यमापनाचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या चार चौकारांबद्दल. चारही रकान्यांत एकच गुण पडले की मला वाटतं, माणसाबद्दलचं एकच मत चार वेळा लिहिलं गेलं. ही गोष्ट जुनीच आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले, तेव्हा बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व असे अगदी वेगवेगळे गुणसुद्धा एकमेकांशी नको तितके जुळलेले निघाले. एकूण चांगलं मत असलेल्या माणसाला सगळीकडेच चांगले गुण पडत होते. तुमच्या मनात ती अजूनही विभागातली सर्वात तयारीची अकाउंटंट आहे आणि ते मत चारही रकान्यांत झिरपलं असणार. म्हणून गुण बाजूला ठेवा. आधी प्रत्येक रकान्यासाठी पुरावा गोळा करा, तोही वेगवेगळ्या बैठकीत.

रजेचा महिना हा चांगला धागा आहे, पण एकटा पुरेसा नाही. तो तिमाहीअखेरचा महिना होता का? तेव्हा तरतुदी आणि तपासण्या जास्त असतात, दिवस तसेही वाढतात. नवी मुलगी तेव्हा नुकतीच आली होती का? या दोन गोष्टी बघितल्याशिवाय त्या ९ दिवसांवरून काही ठरवू नका.

तुम्ही अकाउंट्समध्ये आहात हे तुमचं भाग्य, कारण तुमच्या सिस्टीममध्ये प्रत्येक एंट्रीमागे ती कोणी केली, कोणी मंजूर केली आणि किती वाजता, हे सगळं असतं. बाकी विभागांत मॅनेजरने स्वतः किती काम ओढलं हे लोकांना विचारून अंदाजाने ठरवावं लागतं. तुम्हाला ते मोजता येईल. शेवटच्या सहा महिन्यांत महिनाअखेरच्या दुरुस्तीच्या जर्नल एंट्र्या कोणाच्या आयडीवरून झाल्या ते काढा. नुसती बेरीज नको, लेजरवार काढा आणि महिन्यागणिक वाढल्या की घटल्या तेही बघा.

लाल_शाई

अंतर्गत लेखापरीक्षणात आहे, म्हणून माझी नजर आधी दुसरीकडे गेली. तिने एंट्र्या स्वतः केल्या असतील तर त्या मंजूर कोणी केल्या?

मेकर-चेकर नियमाने एंट्री करणारा आणि मंजूर करणारा एकच असू शकत नाही. सिस्टीम तसं होऊ देत नाही. मग मॅनेजर स्वतः एंट्री करू लागली की ती मंजुरीला हाताखालच्याच कोणाकडे जाते. ज्युनिअर आपल्या बॉसची एंट्री परत पाठवणार आहे का? कागदावर दोन सह्या दिसतात आणि प्रत्यक्षात तपासणी झालेलीच नसते. काम न सोपवणं ही केवळ मॅनेजरची सवय आहे असं लोक धरून चालतात. अकाउंट्समध्ये ती नियंत्रणातली पळवाटही ठरते, आणि ती सापडली तर शेरा तिच्यापुरता राहत नाही, विभागावर येतो.

नवखी

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा मॅनेजर झाले, म्हणून माझी गोष्ट सांगते. आमचं काम वेगळं आहे, ग्राहकांच्या तक्रारींचं. माझ्या पहिल्या अप्रेझलमध्ये एकच वाक्य होतं : "डेलिगेशन सुधारण्याची गरज." कुठलं काम, कोणाला, किती, काहीच नाही. मी ते इतकं मनाला लावून घेतलं की पुढच्याच आठवड्यात किचकट तक्रारींसकट सगळं वाटून टाकलं. दोन महिने परत उघडल्या जाणाऱ्या तक्रारी वाढत गेल्या. पुढच्या वर्षी शेरा आला, "गुणवत्तेवर लक्ष नाही." दोन्ही शेरे लिहिणारा माणूस एकच होता.

तुम्ही जे लिहाल ते ती अक्षरशः पाळेल हे धरून लिहा. पहिल्या वर्षात बॉसच्या एका वाक्याचं वजन किती असतं ते देणाऱ्याला कळत नाही.

आणि टीमकडून एक निनावी सर्व्हे का घेत नाही? आमच्याकडे झाला असता तर बरंच काही बाहेर आलं असतं.

दुसरी_बाजू

नवखी, तुमचं उदाहरण तंतोतंत लागू आहे, पुढे त्यावर येतेच. पण सात माणसांत निनावी काही राहत नाही. वाक्यरचनेवरून कोण बोललं ते कळतं. लोकांनाही ते ठाऊक असतं, म्हणून ते गुळमुळीत लिहितात. एखादा नाराज असला तर सरासरीही तोच हलवतो. इतक्या छोट्या टीममध्ये जमाखर्च यांनी प्रत्येकाशी समोरासमोर बोलावं, आणि बोलणार आहे हे तिला आधी सांगून. तिच्या पाठीमागे नको.

प्रश्न मताचे नसावेत. "मॅनेजर कशी वाटते?" असं विचारलं की "छान आहेत" एवढंच मिळतं. विचारा : तुमचं काम शेवटचं परत आलं तेव्हा त्यावर काय लिहिलेलं होतं? परत आलं की दुरुस्त होऊनच आलं? सहा महिन्यांपूर्वी विचारून करावं लागायचं आणि आज न विचारता करता, असं एक काम सांगा. ती नसताना कुठला निर्णय अडला? या प्रश्नांना घडलेला प्रसंगच उत्तर म्हणून द्यावा लागतो.

थेट_मुद्दा

एवढी चौकशी? एका अप्रेझलसाठी लॉग काढायचे, माणसांच्या मुलाखती घ्यायच्या? तिला कळलं तर ती म्हणेल माझ्यावर अविश्वास.

जमाखर्च

थेट_मुद्दा, मलाही ती भीती होती. म्हणून आधी तिच्याशी बोललो. म्हटलं, टीमचं काम कोणाकडे किती आहे ते सिस्टीममधून काढतोय आणि तुझ्या टीमशी एकेक करून बोलणार आहे. ती म्हणाली, काढा, मलाही बघायचं आहे.

जे निघालं ते लिहितो. रजेचा महिना तिमाहीअखेरचा नव्हता. नवी मुलगी मात्र तेव्हा दुसऱ्याच आठवड्यात होती, म्हणजे दुसरी_बाजू यांची शंका निम्मी खरी.

दुरुस्तीच्या एंट्र्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त तिच्या आयडीवरून आहेत, बहुतेक शेवटच्या तीन दिवसांतल्या आणि कामाची वेळ संपल्यानंतरच्या. सहा महिन्यांत हे प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं आहे. इथेच थांबलो असतो तर "काम सोपवत नाही" असं लिहून मोकळा झालो असतो. लेजरवार बघितल्यावर चित्र पालटलं. बँक ताळमेळात तिच्या एंट्र्या पहिल्या दोन महिन्यांत भरपूर होत्या, नंतर कमी होत गेल्या आणि शेवटच्या दोन महिन्यांत एकही नाही. व्हेंडर खात्यांत त्या उलट वाढत गेल्या. एकूण बेरीज सारखी दिसत होती ती एक बाजू घटल्यामुळे आणि दुसरी वाढल्यामुळे.

लाल_शाई, तुमचं बरोबर निघालं. तिच्या एंट्र्या टीममधल्या दोघांनी मंजूर केल्या आहेत. एकही परत गेलेली नाही. तिच्या एंट्र्यांची मंजुरी आता माझ्याकडे वळवली आहे.

लाल_शाई

चांगलं केलंत. याचा एक उपयोग पुढेही होईल. तिच्या प्रत्येक एंट्रीला तुमची मंजुरी लागली की महिनाअखेरीला ती किती काम स्वतः ओढते ते वर्षाच्या शेवटी शोधावं लागणार नाही, दर महिन्याला तुमच्या समोरच येईल.

अबोली

बँक सुटली आणि व्हेंडर खाती अडकली, असं का? काम अवघड आहे की माणूस अवघड आहे?

जमाखर्च

अबोली, नेमकं तेच टीमशी बोलल्यावर उलगडलं.

बँक ताळमेळ एका तरुण मुलाकडे आहे. त्याने सांगितलं की सुरुवातीला त्याचं काम दुरुस्त होऊनच परत यायचं. तिसऱ्या महिन्यात तिने पद्धत बदलली. जुने न वटलेले चेक तो दर महिन्याला तसेच पुढे ओढायचा. तिने ते स्वतः शोधले नाहीत. त्याला शेजारी बसवून एकाचा माग कसा काढायचा ते दाखवलं आणि बाकीचे त्याच्यावर सोडले. सोबत एका ठरावीक मर्यादेपर्यंतचे फरक मिटवण्याचे अधिकार त्याला दिले. पुढच्या महिन्यांत तिच्या शेऱ्यांमध्ये ती चूक पुन्हा दिसत नाही.

व्हेंडर खाती बघणारे सहकारी तिच्याहून वयाने आणि नोकरीने बरेच मोठे. ती ज्युनिअर असताना बिलांचं काम तिला त्यांनीच शिकवलं होतं. व्हेंडरला दिलेला अ‍ॅडव्हान्स बिलाशी जुळवायचा राहून जातो, ही त्यांची चूक सहापैकी पाच महिन्यांत आहे. एकदाही त्यांच्याकडे परत गेलेली नाही. दर महिन्याला तिने ती स्वतः दुरुस्त केली. मी त्यांना विचारलं की शेवटचं काम परत कधी आलं. ते म्हणाले, माझं काम परत येतच नाही. ते अभिमानाने सांगत होते. आपल्या खात्यांत दुरुस्त्या होतात हेच त्यांना माहीत नव्हतं.

दुसरी_बाजू

जमाखर्च, तुमच्या अप्रेझलचा गाभा हाच. "काम सोपवणं : ३" असं लिहिलंत तर तिच्या हाती काहीच लागणार नाही, कारण सरासरीत दोन उलट गोष्टी मिसळल्या आहेत. तिला काम सोपवता येतं, माणूस घडवताही येतो, बँकेच्या बाबतीत तिने ते करून दाखवलंय. जिथे सोपवायला कालच्या वरिष्ठाला त्याची चूक सांगावी लागते तिथे ती थांबते. पहिल्यांदा आणि त्यातही त्याच टीममधून वर आलेल्या मॅनेजरमध्ये मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. अवघड बोलणं टाळायला ती स्वतःचा वेळ खर्च करते. बाहेरून ते कष्टाळूपणासारखं दिसतं आणि बॉस त्याचं कौतुकही करतात.

ओळखायची खूण तुम्ही स्वतःच शोधलीत : तीच चूक, तोच माणूस, महिन्यामागून महिना. चुका होणं हा माणूस घडवण्याचा अभाव नव्हे. नव्या कामात चुका वाढतातच. चुकीचा प्रकार बदलत राहिला तर माणूस शिकतोय. तीच चूक पाच महिने टिकली तर एकतर ती त्याला कोणी सांगितली नाही, किंवा सांगूनही समजली नाही. या दोन्हींवर उपाय वेगळा, म्हणून शेऱ्यात कुठली ते स्पष्ट लिहा. तुमच्या बाबतीत पहिली.

आठवड्याला वन-ऑन-वन होते का, हा फॉर्मवरचा आवडता प्रश्न. माझ्या मते त्याचं वजन फार कमी. त्या सहकाऱ्यांबरोबरही दर आठवड्याला होत असणारच.

जमाखर्च

होय, झाली आहे. तिच्या सेल्फ अप्रेझलमध्ये "सर्वांशी साप्ताहिक संवाद" असं लिहिलंय आणि ते खरंच आहे.

थेट_मुद्दा

लेजरवारचा मुद्दा मानला. निवडीबद्दल मात्र मी ठाम आहे. गेलेला माणूस गेलाच ना?

दुसरी_बाजू

गेला, पण दोन माणसांवरून निवडीचा दर्जा मोजता येत नाही. चांगली पद्धत वापरूनही एखादी निवड चुकते आणि गाफील निवडही कधी उत्तम निघते. वर्षाला वीस जण घेणाऱ्याच्या बाबतीत किती टिकले ते बघा. दोन घेणाऱ्याच्या बाबतीत तिने निवड कशी केली ते बघावं लागतं. जागेचं वर्णन कोणी लिहिलं, सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न विचारले का, गुण आपसात चर्चा होण्याआधी लिहिले का, आणि आल्यावर पहिले तीन महिने काय ठरवून दिलं होतं. निवडपद्धतींवरच्या जुन्या संशोधनाचा २०२२ मध्ये मोठा फेरआढावा झाला. त्यातही पुढे काम कसं होईल याचा अंदाज बांधण्यात ठरावीक प्रश्नांची मुलाखत सर्वात वर आली. मोकळ्या गप्पांची मुलाखत बरीच खाली.

गेलेल्या माणसाने जाताना काय कारण सांगितलं?

जमाखर्च

दोन्ही निवडींचे कागद काढले. पहिल्या वेळी जागेचं वर्णन एचआरकडचं जुनंच वापरलं होतं. त्यात "आर्थिक विश्लेषण" असं लिहिलंय, जे त्या जागेवर होतच नाही. मुलाखतीच्या नोंदीत एकच ओळ आहे, "आत्मविश्वास चांगला, टीममध्ये बसेल." जाताना त्याने लिहिलंय की विश्लेषणाचं काम सांगितलं होतं आणि दिवसभर बिलं चढवावी लागली.

दुसऱ्या वेळी वर्णन तिने स्वतः लिहिलंय, रोजचं काम काय असेल ते अगदी साध्या शब्दांत. तिन्ही उमेदवारांना तोच एक छोटा लेजर दिला, मुद्दाम काही चुका पेरलेला. त्या शोधायला सगळ्यांना सारखाच वेळ. गुण लिहून झाल्यावरच पॅनेलशी चर्चा. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच्या जाण्यानंतर तिने स्वतः बसवलं.

दुसरी_बाजू

मग या रकान्यात लिहिण्यासारखं सर्वात जास्त तुमच्याकडे आहे. पहिल्या वर्षीच्या मॅनेजरकडून मला हेच हवं असतं : एक निवड फसली आणि पुढच्या निवडीची पद्धत बदलली. निवडीला ४ दिलेत तर कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळ्या मॅनेजरांनी दिलेले गुण एकत्र ताडून बघण्याच्या बैठकीत ही दोन कागदपत्रं समोर ठेवून ते निर्धास्तपणे मांडता येतील.

अबोली

एक शंका. दुसरी मुलगी चांगली निघाली यातही नशिबाचा भाग असेलच ना? मग पद्धतीचं श्रेय आणि निकालाचं श्रेय वेगळं कसं करायचं?

दुसरी_बाजू

पूर्ण वेगळं नाही करता येत. म्हणूनच मी मुलगी चांगली निघाली हे शेऱ्यात दुसऱ्या वाक्यात ठेवेन आणि पद्धत पहिल्या वाक्यात. ती मुलगी उद्या सोडून गेली तरी पहिलं वाक्य खरंच राहील.

नवखी

निकालाच्या रकान्याचं काय ठरलं? मला तोच सर्वात अवघड वाटतोय. ६ दिवस झाले हे खरं, आणि ते तिने रात्री बसून केले हेही खरं.

लाल_शाई

माझ्या मते निकाल कमीच धरायला हवा. टीमचा निकाल म्हणजे टीमने काढलेला निकाल. मॅनेजरच्या हातचं काम वजा करून जे उरतं तेवढाच. शिवाय मंजुरीतली पळवाट त्याच ६ दिवसांसाठी तयार झाली. तिच्या एंट्र्या खरोखर तपासल्या गेल्या असत्या तर कदाचित ७ दिवस लागले असते.

थेट_मुद्दा

याला माझा पूर्ण विरोध आहे. उद्दिष्ट लेखी होतं : ६ दिवस. "तुझा हात न लागता ६ दिवस" असं कुठेही लिहिलं नव्हतं. खेळ संपल्यावर नियम बदलायचा आणि गुण कापायचे, हा अन्याय आहे. पुढच्या वर्षी तिला कुठल्याच आकड्यावर विश्वास वाटणार नाही. जे दिलं होतं त्यावर मोजा. बाकी सगळं काम सोपवण्याच्या रकान्यात लिहा, त्यासाठीच तो रकाना आहे.

दुसरी_बाजू

या मुद्द्यावर मी थेट_मुद्दा यांच्याकडे झुकते. एकच गोष्ट दोन रकान्यांत कापली तर शिक्षा दुप्पट होते. लाल_शाई म्हणतात ते उद्दिष्ट आखण्याबद्दल खरं आहे आणि पुढच्या वर्षाच्या उद्दिष्टात यायलाच हवं. पण मागच्या वर्षाचे गुण मागच्या वर्षाच्या कागदावरच.

लाल_शाई

तर मग शेऱ्यात तरी लिहा. पुढच्या वर्षी दुसरा कोणी हा फॉर्म उघडेल तेव्हा नुसता ४ बघून तिला मोठी टीम देईल. विक्रीच्या क्षेत्रात यावर मोठा अभ्यास झाला आहे, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. स्वतः उत्तम विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, आणि मॅनेजर झाल्यावर त्यांच्या हाताखालच्यांची विक्री मात्र तुलनेने खालावली. वैयक्तिक कर्तबगारी मॅनेजरच्या गुणांत मिसळली की हेच होणार.

जमाखर्च

सगळ्यांचे आभार. आता मसुदा असा आहे, बघा आणि तोडा.

निवड, ४ : "पहिल्या नियुक्तीत जागेचं वर्णन प्रत्यक्ष कामाशी जुळत नव्हतं आणि माणूस चौथ्या महिन्यात गेला. दुसऱ्या वेळी वर्णन स्वतः लिहिलं, सर्व उमेदवारांना समान प्रात्यक्षिक दिलं, गुण चर्चेआधी नोंदवले. नियुक्त व्यक्ती स्वतंत्रपणे काम करते आहे."

काम सोपवणं, ३ : "बँक ताळमेळ अधिकारांसह पूर्ण सोपवला. शेवटच्या दोन महिन्यांत त्यात स्वतःच्या एंट्र्या नाहीत. व्हेंडर खाती नावापुरती सोपवलेली आहेत. दुरुस्त्या स्वतः करते आणि त्यांचं प्रमाण वाढतं आहे."

माणसं घडवणं, ३ : "बँकेच्या कामात दाखवून, सोडून देऊन शिकवलं आणि चूक थांबली. व्हेंडर खात्यांतली अ‍ॅडव्हान्सची चूक सहापैकी पाच महिन्यांत आली आणि संबंधित सहकाऱ्याला एकदाही सांगितली गेली नाही."

निकाल, ४ : "दिलेलं उद्दिष्ट गाठलं. त्यात एक तृतीयांशाहून जास्त दुरुस्त्यांचा भार स्वतः उचलला आहे."

पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट, नवखी यांचं ऐकून, अगदी नेमकं लिहिलंय. पहिल्या तिमाहीत फक्त व्हेंडर खाती, बाकी काही हलवायचं नाही. चूक आढळली की ते काम शेरा लिहून परत जाईल, ती स्वतः एंट्री करणार नाही. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी त्या लेजरमध्ये तिच्या आयडीवरून शून्य एंट्र्या. या काळात पुस्तकं बंद व्हायला ७ दिवस लागले तरी चालतील, हेही त्यात लिहिलंय. नाहीतर ६ चा आकडा वाचवायला ती पुन्हा रात्री बसेल.

नवखी

ते ७ दिवसांचं वाक्य माझ्या वेळी कोणी लिहिलं असतं तर! तुमच्या वरच्यांना ते मान्य आहे का पण? उद्या त्यांनी ६ च मागितले तर?

जमाखर्च

अजून विचारलेलं नाही. तिला कागद देण्याआधी विचारणार आहे. नाही म्हणाले तर मुदत एका तिमाहीऐवजी दोन करावी लागेल, म्हणजे व्हेंडर खात्यांच्या कामाचे छोटे तुकडे करून एकेक परत पाठवता येईल.

थेट_मुद्दा

निकालाला ५ द्यायला हवे होते, तेवढं सोडून बाकी मसुदा पटला.

लाल_शाई

आणि मला ३. पण शेऱ्यातली दुसरी ओळ ठेवलीत, ती कॅलिब्रेशनमध्ये कोणी "नकारात्मक आहे" म्हणून काढायला सांगितली तरी काढू नका.

अबोली

त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांशी पहिलं बोलणं कोण करणार? इतके महिने काम परत आलं नाही म्हणजे चोख आहे असं ते समजून चालले आहेत. अचानक शेरे येऊ लागले तर त्यांना ते तुमच्या चौकशीचं फळ वाटेल, आणि राग तिच्यावर निघेल.

जमाखर्च

मला वाटतं तिनेच करावं, मी त्या खोलीत नसावं. मी बसलो तर पुढच्या प्रत्येक वेळी ते माझ्याकडे बघतील. आधी तिच्याबरोबर बसून पाचही महिन्यांची यादी काढणार आहे. कुठला अ‍ॅडव्हान्स, कुठलं बिल, तिने काय दुरुस्त केलं. म्हणजे तिच्या हातात मत नाही, नोंदी असतील.

दुसरी_बाजू

यादी तिलाच काढू द्या, तुम्ही फक्त बघा. आणि पाच महिन्यांचं एकदम त्यांच्यापुढे ठेवू नका, इतके दिवस का सांगितलं नाही हा त्यांचा पहिला प्रश्न असेल आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर तिने आधी तयार ठेवायला हवं. मी तरी शेवटच्या महिन्यातल्या एकाच व्हेंडरपासून सुरुवात करायला सांगेन.

अबोली

मला उलट वाटतं. पाचही एकदम सांगावेत. एकेक करून कळलं तर त्यांना दर वेळी वाटेल की अजून काय काय लपवलंय.